तुर्की दुकानांतील एक संभाषण आणि दोन प्रत्यय

तुर्की भाषेंत वाक्याचा अर्थ पुष्कळदां नामाच्या शेवटच्या एका स्वरावर अवलंबून असतो. तो स्वर लागला तर एक अर्थ, न लागला तर दुसरा. आम्हीं ही भाषा व्याकरणाच्या पुस्तकावरून शिकण्यास आरंभ केला, तेव्हां संस्कृतांतील द्वितीया आमच्या अंगवळणीं पडलेली होती. त्यामुळें दिसलें कर्म कीं लाव प्रत्यय, असा आमचा क्रम कित्येक महिने चालला होता. आणि 'मला दूध हवें आहे' असें साधें वाक्य लिहावयाचें असतां 'मला तें अमुक दूध हवें आहे' असेंच आम्ही लिहीत होतों. केवळ मराठीच्या अनुरोधानें चालणाऱ्या विद्यार्थ्याची चूक याच्या उलट होते. तो प्रत्यय मुळींच लावीत नाहीं. या दोन्ही चुका टळाव्या म्हणून एका किराणा दुकानांतील लहानसें संभाषण पुढें देत आहों. त्यांतून द्वितीया व सप्तमी अशा दोनच विभक्तींचे प्रत्यय आपण पाहूं.

प्रथम लिपीविषयीं दोन शब्द. तुर्की भाषा पूर्वीं अरबी लिपींत लिहीत असत. १९२८ सालीं तिच्यासाठीं रोमन लिपी स्वीकारण्यांत आली व आज तिच्या वर्णमालेंत २९ अक्षरें आहेत. त्यांपैकीं ८ स्वर आहेत. येथें तुर्की शब्द आम्ही देवनागरींत लिहीत आहों, म्हणून वाचकांनीं चार संकेत ध्यानांत ठेवावे. जेथें व्यंजनाचा पाय मोडला आहे तेथें स्वर नाहीं. जेथें पाय मोडलेला नाहीं व मात्राहि नाहीं तेथें आखूड 'अ' सारखा स्वर आहे. तो गळूं नये म्हणून शब्दाच्या किंवा प्रत्ययाच्या सीमेवर 'ऽ' हें चिन्ह घातलें आहे. व्यंजनाला जोडून आलेले 'यु' आणि 'यो' हे जोडाक्षरांतले 'य' नव्हेत, स्वतंत्र स्वर आहेत. जिभेनें 'इ' म्हणावें व ओठांनीं 'उ' चा आकार करावा म्हणजे 'यु' होतो. जिभेनें 'ए' म्हणून ओठांनीं 'ओ' चा आकार केला कीं 'यो' होतो. शेवटीं 'ग़' हें अक्षर. तें लिहिण्यांत ठळक, पण उच्चारांत अगदीं पुसट असतें.

स्थळ एका गल्लीतलें किराणा दुकान. आईनें पाठविलेला एक मुलगा आंत येतो.

१. मुलगा : कोलाय् गेल्सिन्, आम्जा. — काम सोपें जावो, काका.

२. दुकानदार : होश् गेल्दिन्, एव्लादम्. ने इस्तियोर्सुन्? — ये बाळ. काय हवें तुला?

३. मुलगा : स्युत् इस्तियोरुम्. एक्मेक् वार् मऽ? — दूध हवें आहे. पाव आहे का?

४. दुकानदार : वार्. स्युत् दोलाप्ता, एक्मेक् सेपेत्ते. — आहे. दूध कपाटांत, पाव टोपलींत.

५. मुलगा : स्युत्यु बुल्दुम्. सेपेत् नेरेदे? — दूध सांपडलें. टोपली कोठें आहे?

६. दुकानदार : कापऽदा. दोलाबऽ कापात्, एव्लादम्. — दारापाशीं. कपाट लाव, बाळ.

७. मुलगा : एक्मेग़ि आल्दम्. बाल् नेरेदे? — पाव घेतला. मध कोठें आहे?

८. दुकानदार : बाल् राफ्ता. कुतुयु काल्दर्, बालऽ आल्. — मध फळीवर आहे. खोका उचल आणि मध घे.

९. मुलगा : पारायऽ नेरेदे वेरेयिम्? — पैसे कोठें देऊं?

१०. दुकानदार : कासादा. साबुनु उनुत्मा! आन्नेन् एव्दे मि? — गल्ल्यावर. साबण विसरूं नकोस! आई घरीं आहे का?

११. मुलगा : एव्दे. — घरीं आहे.

आरंभींचें 'कोलाय् गेल्सिन्' हें काम करीत असलेल्या माणसाला म्हणण्याचें शिष्टाचाराचें वाक्य आहे. 'आम्जा' म्हणजे चुलता. अनोळखी वडील माणसालाहि मुलें तसेंच म्हणतात, जसें आपण 'काका' म्हणतों. तुर्कांच्या दुकानांत आपल्या ओळखीचे शब्दहि भेटतात. दुकानाला ते 'द्युक्क्यान्', तराजूला 'तेराझि' व हिशेबाला 'हेसाप्' म्हणतात. फारशी-अरबीच्या द्वारें हे शब्द तिकडेहि गेले व इकडेहि आले. परंतु ओळख शब्दापुरतीच. प्रत्ययांचा कारभार तुर्कीचा स्वतःचा आहे.

द्वितीयेचें रूप

संभाषणांत द्वितीयेचीं रूपें सात आलीं आहेत : स्युत्यु, दोलाबऽ, एक्मेग़ि, कुतुयु, बालऽ, पारायऽ, साबुनु. यांत प्रत्यय एकच आहे, पण त्याचीं सोंगें चार आहेत : अ, इ, उ, यु. कोणतें सोंग घ्यावयाचें तें शब्दांतील शेवटचा स्वर ठरवितो. शेवटचा स्वर 'आ' किंवा 'अ' असेल तर प्रत्यय 'अ' : बाल्, बालऽ. शेवटचा स्वर 'ए' किंवा 'इ' असेल तर 'इ' : सेपेत्, सेपेति. 'ओ' किंवा 'उ' असेल तर 'उ' : साबुन्, साबुनु. 'यो' किंवा 'यु' असेल तर 'यु' : स्युत्, स्युत्यु.

हें पाठ करण्यापेक्षां तोंडानें पडताळून पाहावें. 'ए' म्हणतांना जीभ पुढें येते, 'आ' म्हणतांना मागें राहते. 'ओ' म्हणतांना ओठ गोल होतात, 'ए' म्हणतांना पसरतात. शब्दाच्या शेवटच्या स्वराला जीभ व ओठ ज्या स्थितींत असतात, त्याच स्थितींत प्रत्यय उच्चारावयाचा, एवढाच नियम आहे. 'साबुन्' म्हणतांना ओठ गोल झालेच आहेत, तेव्हां ते तसेच ठेवून 'साबुनु' म्हणणें सोपें. मुद्दाम ओठ पसरून 'साबुनि' म्हणणें तुर्की कानाला खटकतें. या व्यवस्थेला स्वरमेळ म्हणावें.

आतां दोन बारीक गोष्टी. शब्द स्वरान्त असला तर दोन स्वर एकमेकांवर आदळतील. म्हणून मध्यें एक 'य्' घालतात. 'कुतु' म्हणजे खोका, त्याचें 'कुतुयु'. 'पारा' म्हणजे पैसा, त्याचें 'पारायऽ'. येथें हा 'य्' खराखुरा व्यंजन आहे, स्वराचा संकेत नव्हे.

दुसरी गोष्ट, शब्दाच्या शेवटीं प्, च्, क् यांसारखें कठोर व्यंजन असून त्यापुढें स्वर आला तर तें व्यंजन बहुधा मऊ होतें. सहाव्या ओळींत 'दोलाप्' चें 'दोलाबऽ' झालें, व सातव्या ओळींत 'एक्मेक्' चें 'एक्मेग़ि' झालें. परंतु 'स्युत्' चें 'स्युद्यु' झालें नाहीं, आणि 'सेपेत्' चेंहि 'सेपेदि' होत नाहीं. एकाक्षरी शब्द बहुतेक आपलें व्यंजन तसेंच राखतात, व अनेकाक्षरी शब्दांतहि 'त्' पुष्कळदां टिकून राहतो. येथें नियमापेक्षां शब्दकोशाचा आधार घ्यावा. नवा शब्द टिपून ठेवतांना त्याचें द्वितीयेचें रूप शेजारीं लिहिण्याची संवय ठेवली म्हणजे पुढें अडत नाहीं.

द्वितीयेचा अर्थ

खरी मेख येथें आहे. तिसऱ्या ओळींत मुलगा म्हणतो 'स्युत् इस्तियोरुम्', दूध हवें आहे. दूध हें कर्म आहे, तरी प्रत्यय नाहीं. कारण त्याच्या मनांत कोणतें विशिष्ट दूध नाहीं, कोणतेंहि चालेल. पांचव्या ओळींत तोच मुलगा 'स्युत्यु बुल्दुम्' म्हणतो. आतां दूध कोणतें तें दोघांनाहि ठाऊक आहे. दुकानदारानें कपाटांतलें म्हणून सांगितलें तेंच तें. म्हणून प्रत्यय आला. मध पहा : सातव्या ओळींत त्याचें नांव निघालें, आठव्या ओळींत त्याची जागा सांगितली गेली, आणि लगेच 'बालऽ आल्', तो मध घे.

तात्पर्य, तुर्की द्वितीया केवळ 'हें कर्म आहे' एवढेंच सांगत नाहीं. 'हें कर्म बोलणाऱ्याच्या मनांत निश्चित आहे' असें सांगते. कर्म अनिश्चित असेल तर नाम उघडेंच राहतें. संस्कृतांत 'दुग्धम् आनय' म्हणतांना दूध कोणतेंहि असो, द्वितीया चुकत नाहीं. मराठींत 'मुलाला बोलाव' असें आपण म्हणतों, पण 'दुधाला आण' असें म्हणत नाहीं. निर्जीव वस्तूला बहुधा प्रत्यय लावीत नाहीं, आणि निश्चितपणा दाखवावयाचा झाल्यास 'तें दूध' असें म्हणतों किंवा प्रसंगावर सोंपवून देतों. तुर्कींत सजीव-निर्जीव हा भेद पाहात नाहींत, निश्चित-अनिश्चित हा पाहतात. म्हणून मराठी विद्यार्थ्यानें मनांत एक कसोटी ठेवावी : या नामापूर्वीं 'तो, ती, तें' घातलें तर अर्थ बिघडत नाहीं ना? बिघडत नसेल तर प्रत्यय लावावा.

दहाव्या ओळींत ही कसोटी आपणांस एक न सांगितलेली गोष्ट सांगून जाते. संभाषणांत साबणाचें नांव पूर्वीं कोठेंहि आलेलें नाहीं. तरी दुकानदार 'साबुन्' न म्हणतां 'साबुनु उनुत्मा' म्हणतो. या एका 'उ' वरून कळतें कीं साबणाची गोष्ट त्या दोघांना आधींच माहीत आहे. आईनें तो सांगून ठेवला असेल, किंवा मुलानें मागल्या खेपेस विसरला असेल. प्रत्यय काढला तर हा सगळा मागचा इतिहास नाहींसा होतो.

याचा व्यवहारांतला परिणाम असा. आई घरांतून म्हणाली 'स्युत् आल्', तर मुलानें दुकानांत जाऊन दूध विकत आणावें. ती म्हणाली 'स्युत्यु आल्', तर समोर कोठें तरी एक दूध आहे व तें त्यानें उचलावें. क्रियापद तेंच, पहिल्या आज्ञेला पैसे लागतात, दुसरीला लागत नाहींत.

हाताशीं शब्द नसेल तेव्हां दुकानांत बोट दाखवून मागण्याचा प्रसंग येतो. बोट दाखविलें म्हणजे वस्तु निश्चितच झाली. म्हणून 'बु' म्हणजे 'हें', यास प्रत्यय लागलाच पाहिजे. मात्र सर्वनामांत मध्यें 'य्' न येतां 'न्' येतो : 'बुनु इस्तियोरुम्', हें हवें आहे. 'बु इस्तियोरुम्' असें म्हणणारा तत्काळ परका म्हणून ओळखूं येतो. माणसांचीं व गांवांचीं विशेषनामेंहि स्वभावतःच निश्चित असल्यामुळें कर्मस्थानीं आलीं कीं त्यांना हा प्रत्यय लागतो.

सप्तमीचें रूप

संभाषणांत सप्तमीचीं रूपें हीं : दोलाप्ता, सेपेत्ते, नेरेदे, कापऽदा, राफ्ता, कासादा, एव्दे. हा प्रत्यय द्वितीयेपेक्षां सोपा आहे. येथें ओठ पाहावयाचे नाहींत, फक्त जीभ पाहावयाची. शेवटचा स्वर मागचा, म्हणजे आ, अ, ओ, उ यांपैकीं असेल तर प्रत्ययांत 'आ' येतो. पुढचा, म्हणजे ए, इ, यो, यु यांपैकीं असेल तर 'ए' येतो. म्हणून 'कासा' चें 'कासादा', 'कुतु' चें 'कुतुदा'. पण 'एव्' चें 'एव्दे'. मध्यें 'य्' लागत नाहीं, कारण प्रत्यय व्यंजनानेंच सुरू होतो.

तें व्यंजन एरवीं 'द्' असतें. परंतु शब्दाच्या शेवटीं कठोर व्यंजन असेल तर त्याचें 'त्' होतें : दोलाप्ता, सेपेत्ते, राफ्ता. कठोर व्यंजनें आठ आहेत, आणि तीं ध्यानांत राहावीं म्हणून तुर्की शाळांतील मुलांना दोन शब्द शिकवितात : 'फस्तक्चऽ शाहाप्', म्हणजे पिस्तेवाला शाहाप. यांत फ्, स्, त्, क्, च्, श्, ह्, प् हीं आठहि व्यंजनें आलीं. आपल्या व्याकरणांत 'ह' मृदु मानतात. तुर्कींत मात्र तो कठोरांच्या पंक्तीस बसतो, हें आपल्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावें. 'साबाह्' म्हणजे सकाळ. त्याचें रूप 'साबाह्ता' होतें, 'साबाह्दा' नव्हे.

'दोलाप्' या एका शब्दाचीं दोन रूपें शेजारीं ठेवलीं म्हणजे दोन्ही प्रत्ययांचा स्वभाव दिसतो. द्वितीयेचा स्वर लागतांच 'प्' मऊ होऊन 'दोलाबऽ' झालें. सप्तमींत उलट 'प्' जागचा हालला नाहीं, प्रत्ययालाच आपला 'द्' कठोर करून 'दोलाप्ता' व्हावें लागलें.

सप्तमीचा अर्थ

कपाटांत, दारापाशीं, फळीवर, असे तीन निरनिराळे संबंध आपण मराठींत तीन प्रकारांनीं सांगितले. तुर्कींत तिहींना एकच सप्तमी पुरली. कपाट म्हटलें कीं आंत, फळी म्हटली कीं वर, हें वस्तूवरूनच समजतें. अगदीं 'आंत' असेंच ठासून सांगावयाचें असेल तर त्यांस 'इचिन्दे' हा निराळा शब्द आहे. शिवाय 'स्युत् दोलाप्ता' या वाक्यांत 'आहे' या अर्थाचें क्रियापद नाहीं, तरी वाक्य पुरें आहे. प्रश्नार्थक 'नेरेदे' यांतहि हाच प्रत्यय आहे; म्हणून 'नेरेदे?' असें विचारलें कीं उत्तर सप्तमींतच येतें : कापऽदा, राफ्ता, कासादा.

आतां मराठी माणसाचा पाय नेमका कोठें घसरतो तें सांगतों. 'मुलगा शाळेंत आहे' आणि 'मुलगा शाळेंत जातो' या दोन्ही वाक्यांत आपण 'शाळेंत' असेंच म्हणतों. तुर्की सप्तमी केवळ स्थिर असलेल्या ठिकाणापुरती आहे. गति आली कीं ती चालत नाहीं, तेथें चतुर्थी लागते. 'ओकुल्' म्हणजे शाळा. 'शाळेंत आहे' यास 'ओकुल्दा', पण 'शाळेंत जातो' यास 'ओकुला गिदियोर्'. पाव टोपलींत असेल तर 'सेपेत्ते', पण टोपलींत टाकावयाचा असेल तर 'सेपेते'. एका 'त्' चें अंतर आहे, आणि येथें मराठीचा आधार उपयोगी न पडतां उलट घात करतो.

दोन्ही प्रत्यय एका वाक्यांत

'स्युत्यु दोलाप्ता ग्योर्द्युम्' आणि 'दोलाप्ता स्युत् ग्योर्द्युम्' हीं दोन वाक्यें पहा. पहिल्याचा अर्थ, तें दूध मीं कपाटांत पाहिलें. कोणी तरी दूध शोधीत आहे, त्याला हें उत्तर. दुसऱ्याचा अर्थ, कपाटांत मला दूध दिसलें. कपाटांत काय आहे असें कोणीं विचारलें, त्याला हें उत्तर. शब्दांचा क्रमहि सहज बदललेला नाहीं. प्रत्यय लागलेलें कर्म वाक्यांत मोकळेपणानें हिंडूं शकतें, कारण आपली ओळख तें बरोबर घेऊन हिंडतें. उघडें कर्म मात्र क्रियापदाला चिकटूनच बसतें.

दोन अपवाद सांगून ठेवतों. कांहीं परकी शब्द स्वरमेळ जुमानीत नाहींत : 'साआत्' म्हणजे घड्याळ, याचीं रूपें नियमाविरुद्ध 'साआति' व 'साआत्ते' होतात. दुसरें, 'त्याचें दूध' या अर्थींहि 'स्युत्यु' असेंच रूप होतें. अशा मालकीदर्शक शब्दाला विभक्ति लागतांना मध्यें 'न्' येतो : त्याचें दूध हें कर्म असेल तर 'स्युत्युन्यु'; 'एव्दे' म्हणजे घरीं, पण 'एविन्दे' म्हणजे त्याच्या घरीं. हा 'न्' दिसला कीं कोणाची तरी मालकी मध्यें आहे असें समजावें.

शेवटीं एक नवा शब्द आपण स्वतः चालवून पाहूं. 'किताप्' म्हणजे पुस्तक. शेवटचा स्वर 'आ', म्हणून द्वितीयेस 'अ', शेवटचें व्यंजन 'प्' स्वरापुढें मऊ होऊन 'ब्', म्हणून 'किताबऽ'. सप्तमीस मागचा स्वर म्हणून 'आ', आणि 'प्' हें पिस्तेवाल्याच्या आठांतलें, म्हणून 'त्', झालें 'किताप्ता'. आतां 'एव्' ची सप्तमी घेऊन वाक्य करा : 'किताबऽ एव्दे उनुत्तुम्', पुस्तक घरीं विसरलों. पुस्तक कोणतें तें शिक्षकास व विद्यार्थ्यास दोघांनाहि पुरतें ठाऊक असल्यामुळें येथें द्वितीयेवांचून गत्यंतर नाहीं. हें वाक्य मराठींत आम्हीं वर्गांत इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, एखाद्यानें तें तुर्कींत निर्दोष म्हणून दाखविलें, तर एक दिवसापुरतें आम्ही तें मान्य करूं.